एक वाटण, दोन पातेली

मी आजवर मटण खाल्लेलं नाही आणि गेली नऊ वर्षं जवळजवळ दर रविवारी मटण करतो आहे. बायको कोल्हापूरची, मी सदाशिव पेठेतल्या वरण-भातावर वाढलेला. तिची रविवारी सकाळची ड्यूटी असते. अडीचला घरी येते तेव्हा तिला रस्सा-भाकरी तयार हवी असते आणि मलाही काहीतरी खायचं असतंच. लग्नानंतरचे पहिले काही महिने ती दमून आल्यावर स्वतःसाठी मटण करायची आणि मी बाजूच्या शेगडीवर माझी बटाट्याची भाजी. एका ओट्यावर दोन संसार. जेवायला चार वाजायचे. मग एकदा मी म्हटलं, तुझंही मीच करून ठेवतो.

म्हटलं खरं, पण मटण करायचं म्हणजे चव बघायची आणि ती मी बघणार नव्हतो. मला कसली किळस नाही, मटण हाताळायला काही वाटत नाही. फक्त खायचं नाही, एवढंच. सासूबाईंना फोन लावून विचारलं, चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार? त्यांनी शांतपणे सांगितलं, "चव बघूच नगा. रस्सा उकळताना वासावर कळतंय की." त्यांना कळतं, मला कळत नाही. पन्नास वर्षं रस्सा केलेल्या नाकाची आणि माझ्या नाकाची बरोबरी कशी व्हावी? पहिल्या तीन रविवारी रस्सा कधी अळणी, कधी खारट. बायको काही बोलायची नाही, फक्त भाकरी जास्त घ्यायची किंवा मिठाचा डबा जवळ ओढायची. मी डब्याकडे बघून ओळखायचो.

उपाय सापडला तो माझ्याच पातेल्यात. तेव्हा मी तिच्यासाठी मटण आणि माझ्यासाठी काळे वाटाणे करायला लागलो होतो, कारण वाटण एकदाच करावं लागायचं. एका रविवारी लक्षात आलं की दोन्ही पातेल्यांत पाणी सारखं, मीठ सारखं, वाटण सारखं घातलं तर माझ्या पातेल्यात जी चव लागेल तीच साधारण तिच्याही पातेल्यात असणार. म्हणजे तिचं मटण मी चाखू शकत नसलो तरी त्याचं जुळं भावंड चाखू शकतो. तेव्हापासून आमचा रविवार असाच चालतो. आता हे जुळेपण कुठवर टिकतं आणि कुठे मोडतं, ते सांगतो.

शनिवारी रात्री वाटीभर काळे वाटाणे भिजत घालतो. हरभऱ्यासारखे सात-आठ तासांत ते भिजत नाहीत, दहा-बारा तास तरी लागतात. सकाळी उठून वाटणाची तयारी. मटणाची पिशवी तोवर फ्रिजमध्येच असते. वाटण झाकून बाजूला ठेवल्याशिवाय ती उघडायची नाही, हा आमच्या घरातला एकमेव कडक नियम. मिक्सरच्या भांड्यात मटण कधीच जात नाही. तिला खिमा हवा असेल तर दुकानातूनच करून आणतो.

दोघांचं मिळून वाटण असं: तीन मध्यम कांदे, किसलेलं सुकं खोबरं वाटीभर, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, लसणाच्या पंधरा पाकळ्या, दीड इंच आलं आणि मूठभर कोथिंबीर, देठांसकट. कांदे सालीसकट गॅसवर भाजतो, साल काळी पडून आतला कांदा मऊ होईपर्यंत. खोबरं, तीळ, खसखस वेगवेगळं भाजायचं. सुरुवातीला मी वेळ वाचवायला सगळं एकाच कढईत टाकायचो. खोबऱ्याला रंग येईपर्यंत तीळ करपायचे आणि करपलेल्या तिळाचा कडूपणा रस्सा कितीही उकळला तरी जात नाही. खसखस भाजून कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली नाही तर मिक्सर तिला नुसताच फिरवतो, मग ती दाताखाली रवाळ लागते. सासूबाई पाट्यावर वाटतात, त्यांना ही अडचणच माहीत नाही.

आणि चटणी. पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या, "चार चमचं चटणी घाला," तेव्हा मी बरणीतली दाण्याची चटणी काढली होती. हे माहेरी अजूनही पाहुण्यांना सांगितलं जातं. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षभराचा भरून ठेवलेला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि बाकी घराघराचं आपापलं. त्यात मीठ असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या तीन रविवारांतला एक खारट रस्सा तिथेच झाला होता.

कुकर आमच्याकडे एकच, पण त्याच्या झाकणाच्या रबरी रिंगा दोन. भांडं घासून स्वच्छ होतं, झाकण होतं, रिंगेचा वास मात्र जात नाही. हे मला वरणाने शिकवलं. सोमवारी वरण लावलं आणि शिट्टी झाल्यावर स्वयंपाकघरात आदल्या दिवशीचा रविवार परत आला. वरणात काही उतरलं नव्हतं, नुसती वाफ होती, पण माझा घास खाली जाईना. आता मटणाच्या रिंगेला लाल दोरा बांधून ती खिडकीतल्या खिळ्याला लटकवलेली असते. पळ्याही दोन आहेत, एक लाकडी मुठीची, एक अख्खी स्टीलची. बाकी पातेली, ताटं, वाट्या सगळं एकत्र. माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिने प्रत्येक भांडं हातात घेऊन "यात करता का?" विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारणं थांबलं, पण चहाचं पातेलं मात्र ती स्वतःचं घेऊन आली होती आणि ते इथेच ठेवून गेली.

तर आधी वाटाणे कुकरला, साध्या रिंगेने. भिजवल्याचं पाणी टाकून द्यायचं आणि ताजं एक लिटर पाणी, सपाट दीड चमचा मीठ आणि हळद घालून सहा-सात शिट्ट्या. वाटाणा बोटात दाबला की सालासकट चिरडला पाहिजे. नुसता आतून मऊ झाला आणि साल चिवट राहिली तर आणखी दोन शिट्ट्या. मग कुकर धुऊन, रिंग बदलून मटण. अर्धा किलो, बोकडाचं, हाडं आणि नळ्या असलेलं. थोड्या तेलावर बारीक चिरलेला एक कांदा, आलं-लसूण, हळद, त्यावर मटण टाकून त्याचं सुटलेलं पाणी आटेपर्यंत परतायचं आणि मग तेवढंच, एक लिटर उकळतं पाणी आणि तेवढंच दीड चमचा मीठ. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. या पाण्याला कोल्हापुरात अळणी म्हणतात. नावाला अळणी, पण आमच्या सासरी त्यात मीठ असतं. का म्हणतात, ते विचारल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

माझ्या दृष्टीने काळ्या वाटाण्याचं पाणी म्हणजे शाकाहारी माणसाची अळणी. त्याला रंग आहे, अंग आहे आणि स्वतःचा एक मातकट, उग्रसर वास आहे. मालवणी घरांत याच वाटाण्यांचं सांबार करतात आणि कोंबडीला लागणाऱ्या भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातच ते करतात. म्हणजे मी काही शोध लावलेला नाही. हरभऱ्याच्या डाळीच्या पाण्याची कटाची आमटी आमच्या पेठेतही होतेच की. डाळ शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, एवढं मला आईकडून माहीत होतं. ते अळणीच्या जागी वापरायचं, हे सुचायला मात्र सासर लागलं.

त्याआधी मी पनीर घालून बघितलं होतं. सगळेच घालतात. रस्सा बाहेर, पनीर आतून पांढरं फटक, दोघांची ओळखच होत नाही. बटाटा घातला तर तो मीठ पिऊन बसतो आणि माझं जुळ्यांचं गणित बिघडवतो. सुरण चांगला, पण त्याला खाज, म्हणजे आमसूल घालून आधी वेगळा उकडायचा. कच्चा फणस मिळाला तर उत्तमच, पण तो कापायची तयारी असली पाहिजे. तेलाचा हात, वर्तमानपत्र, चिकटलेली सुरी. वर्षातून दोनदा करतो. अख्खा मसूर हा दुसरा खरा पर्याय, भिजवायची आठवण राहिली नाही की तोच कामाला येतो.

आता एकाच मोठ्या कढईत वाटण परतायला घ्यायचं. सहा मोठे चमचे तेल. एवढं बघून मी आधी दचकायचो, पण ते दोन पातेल्यांत विभागलं जातं आणि वरची तर्री त्यातूनच येते. तेल तापलं की गॅस बारीक करून चार चमचे चटणी, अर्धं मिनिट, लगेच वाटण. इथे मी जितका वेळ घालवतो तितका दुसऱ्या कशात नाही. आधी वाटण कढईला चिकटतं, तेल पूर्ण पिऊन टाकतं आणि लसणाचा कच्चा वास नाकात जातो. पाच-सहा मिनिटांत रंग विटकरीचा होतो आणि झालं असं वाटतं. झालेलं नसतं. चिकटायला लागलं तर चमचाभर गरम पाण्याचा हबका द्यायचा आणि परतत राहायचं. बारा-पंधरा मिनिटांनी वाटणाचा गोळा कढईच्या बुडापासून सुटतो, कडेने तेल दिसायला लागतं, रंग तपकिरीकडे झुकतो आणि वास एकदम बदलतो. लसूण वेगळा, खोबरं वेगळं असं ओळखू येत नाही, सगळ्यांचा मिळून एकच वास येतो.

हे अर्धवट परतलं तर बायकोच्या पातेल्यात चालून जातं. मटणाचा स्वतःचा वास इतका दांडगा की त्याखाली थोडा कच्चा लसूण लपतो. वाटाण्याकडे लपवायला काही नाही. पहिल्या वर्षी बरेचदा तिचा रस्सा झकास आणि माझा घशाला लागणारा, हिरवट असा व्हायचा आणि मला वाटायचं की शाकाहारी रस्सा असाच असतो. वाटाण्याच्या पातेल्याला पुरेल इतकं परतायचं, मग मटणाला ते पुरतंच. उलटं होत नाही.

परतलेल्या वाटणाचे दोन भाग. अंदाजाने नाही, पळीने मोजून. एक भाग वाटाण्याच्या पाण्यात, एक भाग अळणीत. दोन्ही पाणी उकळतं असलं पाहिजे. कोमट पाणी ओतलं की तेल वाटणात अडकून बसतं आणि रस्सा पिवळट, मलूल दिसतो. उकळतं ओतलं तर दोन मिनिटांत वर लाल तवंग.

मग माझी चव बघायची वेळ. स्टीलच्या पळीतून माझ्या पातेल्यातलं घोटभर वाटीत घेतो. मीठ कमी वाटलं तर पाव चमचा माझ्यात, पाव चमचा तिच्यात. तिखट कमी वाटलं तर चिमूटभर चटणी इकडे, चिमूटभर तिकडे. दोन्ही पातेल्यांत सारखंच पाणी राहावं म्हणून झाकणंही दोन्हीकडे सारखीच, अर्धी उघडी. दहा-बारा मिनिटं मंद उकळी, बस. या पद्धतीने रस्सा खारट झालेला मला आठवत नाही. थोडा कमी मिठाचा होतो कधीकधी, कारण हाडामांसात नेमकं किती मुरतं आणि वाटाण्यात किती, हे सारखं नसतं. म्हणून मी मुद्दाम एक चिमूट मागेच राहतो. मिठाचा डबा टेबलावर असतो, पण आता तो जवळ ओढला तरी मी मनाला लावून घेत नाही.

जुळेपण मोडतं ते पुढे. ताटात.

पहिल्याच रविवारी दोन वाट्या शेजारी ठेवल्या तेव्हा रंग अगदी एक. पण बायकोने भाकरीचा तुकडा बुडवला तर रस्सा त्याला धरून वर आला. मी बुडवला तर वाटण वाटीच्या तळाशी, तेल वर आणि मध्ये पाणी. भातावर घातला तर पाणी पुढे धावलं आणि वाटण भाताच्या डोक्यावर बसून राहिलं. पाणी कमी करून बघितलं. मग ती उसळ झाली, रस्सा नाही. मला भुरके मारायला पातळ रस्साच हवा होता, तिच्यासारखा.

कारण अळणी हे नुसतं चवीचं पाणी नाही. नळ्या आणि सांधे शिजताना त्यांतला चिकटा पाण्यात उतरतो, चरबी वितळते आणि तोच चिकटा तेल, पाणी आणि वाटण यांना धरून ठेवतो. हे मी पुस्तकात वाचण्याआधी फ्रिजमध्ये पाहिलं. उरलेल्या अळणीचा डबा दुसऱ्या दिवशी उघडला तर आत थरथरणारी जेली आणि वर पांढरी साय जमावी तशी चरबी. वाटाण्याचं पाणी फ्रिजमध्येही पाणीच राहतं. फार तर जरा दाट होतं.

मग माझ्या पातेल्याला चिकटा आणायचा कुठून? सोपं निघालं. शिजलेल्या वाटाण्यातली मोठी मूठभर काढून त्याच्याच पाण्यात एकदम गुळगुळीत वाटायची आणि रस्सा उकळत असताना घालायची. वाटाण्याच्या पिठूळपणाने वाटण तरंगतं राहतं आणि पाणी पातळ असूनही भाकरीला धरतं. दोन मुठी घातल्या तर पिठलं होतं, तेही करून झालं आहे. वाटलेला वाटाणा गेल्यावर मीठ थोडं बोथट लागतं, म्हणून मुख्य चव आधी बघून घ्यायची आणि मूठ नंतर घालायची, नाहीतर तिच्या पातेल्याचा हिशेब चुकतो. मग माझ्यापुरतं आणखी चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तेल पळीत तापवून, त्यात पाव चमचा चटणी टाकून वरून. चरबीची उणीव तेवढ्याने पुरी भरत नाही, पण पहिल्या घोटाला जिभेवर काहीतरी टेकतं.

पांढऱ्या रश्शाच्या बाबतीत मी हार मानली आहे. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, हिरवी मिरची, खडा मसाला एवढं सगळं असूनही तो उभा असतो अळणीवरच. काळ्या वाटाण्याचं पाणी घातलं तर त्याचा राखाडी रस्सा होतो, अगदी पाट्या धुतल्यासारखा. पांढऱ्या वाटाण्याच्या पाण्याचा करून पाहिला. रंग जमला, पण लागली ती नारळाची खीर, मीठ घातलेली. आता ती पांढरा रस्सा मागते तेव्हा एका नारळाचं दूध काढतो, निम्मं तिच्या रश्शाला, मंद आचेवर, फुटू नये म्हणून उकळी न येऊ देता, आणि निम्म्यात कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, मीठ घालून माझी सोलकढी. नारळ एक, खटपट एक. कोल्हापूरच्या माणसाला रश्शाशेजारी सोलकढी बघवत नाही. ती नाक मुरडते आणि वाटीभर पिते.

वाटणाचा आणखी एक फायदा म्हणजे ते साठतं. महिन्यातून एकदा मी तिप्पट करतो आणि पूर्ण परतून, गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. मग वड्या काढून डब्यात. फ्रीजरमध्ये महिनाभर आरामात राहतं. परतलेलं असलं पाहिजे आणि सुक्या खोबऱ्याचं. ओल्या खोबऱ्याचं वाटण न परतता फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आंबूस वास यायला लागतो. बुधवारी रात्री दोन वड्यांत तिची अंडी आणि दोन वड्यांत माझी वांगी, वीस मिनिटांत. मात्र वड्यांना मीठ-तिखट बेताचंच ठेवतो, कारण अंड्याला आणि वांग्याला लागणारं मीठ एक नाही.

एकदा घोटाळा झाला तो वाढताना. पाहुणे होते, दोन्ही पातेली टेबलावर, पळ्यांची अदलाबदल झाली आणि मी वाटीभर रस्सा घेऊन पहिला घोट प्यालो. फार वाईट लागला असं म्हणता येणार नाही. उलट एकदम भरीव, खोल असा काहीतरी लागला, माझ्या रश्शात जे नसतं नेमकं ते. क्षणभर मला वाटलं आज वाटण फक्कड जमलंय. मग वास आला. वाटी खाली ठेवली, चूळ भरून आलो, कुणाला काही बोललो नाही. बायकोने बघितलं होतं. तेव्हापासून टेबलावर माझं पातेलं पितळेचं, कल्हई केलेलं, आणि तिचं स्टीलचं.

फ्रिजमध्ये मात्र डबे सारखेच असतात आणि तिथे ओळखायला काही अडत नाही. रात्री ठेवलेले डबे सकाळी उघडले की एकावर पांढरा थर धरलेला असतो, दुसऱ्यावरचं लाल तेल डबा वाकडा केला की हलतं. हलतं ते माझं.

फक्त सोमवार आला की हा हिशेब चुकायचा. सोमवारी ती मटण खात नाही, माहेरची सवय, त्यामुळे पांढऱ्या थराचा डबा मंगळवारपर्यंत तसाच राहतो आणि डब्याला ती माझा रस्सा घेऊन जाते. रात्री मी भात टाकून फ्रिज उघडायचो तर आत तिचं मटण आणि माझा रिकामा डबा, पाणी घालून ठेवलेला. म्हणून आता शनिवारी दीड वाटी वाटाणे भिजत घालतो.